तेराव्या पानावरही तीच सई: फोटोवरून चित्रपुस्तकातला नायक सांभाळताना

वाढदिवसाला मुलाचं स्वतःचंच गोष्टीचं पुस्तक करून द्यायची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. फोटो द्यायचा, गोष्ट निवडायची, आणि चित्रं काढणारं एआय मॉडेल वापरून पुस्तक तयार करायचं. पहिलं चित्र बघून घरातले सगळे खूश होतात. दुसऱ्या चित्रात केस जरा वेगळे दिसतात, तिकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पाचव्या पानावर मात्र मुलगी दोन वर्षांनी मोठी झालेली असते, आणि आठव्या पानावर तिची मावसबहीण उभी असते. मोठी माणसं हे चालवून घेतात. चार-पाच वर्षांचं मूल चालवून घेत नाही. ते सरळ विचारतं, "ही कोण?"

असं का होतं आणि ते कसं आवरायचं, हे एका पुस्तकाच्या आधाराने बघू. मुलीला सई म्हणू या. वय सहा, दोन वेण्या, लाल रिबिनी, डाव्या गालावर छोटा तीळ, वरचा एक दात पडलेला. गोष्ट साधी आहे: सई पावसाळ्यात कोकणात आजीकडे जाते, तिची छत्री वाऱ्याने उडते आणि ती धाकट्या भावाला घेऊन छत्री शोधायला निघते. पुस्तक ३२ पानांचं, म्हणजे छापखान्याच्या भाषेत १६ पानी दोन फर्मे. आतलं मुखपृष्ठ वगैरे सोडलं तर सई २०-२२ चित्रांत येते: जवळून, लांबून, पाठमोरी, रेनकोटात, रात्री कंदिलाच्या उजेडात. सगळीकडे ती सईच दिसली पाहिजे.

आधी मॉडेल चित्र कसं काढतं ते पाहू. स्टेबल डिफ्यूजन जातीची मॉडेल्स सुरुवातीला टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा नुसता रंगीत गोंधळ घेतात आणि वीस-तीस टप्प्यांत तो साफ करत चित्रापर्यंत येतात. साफसफाई कोणत्या दिशेने करायची, हे आपण लिहिलेले शब्द सांगतात. प्रत्येक चित्राला हा सगळा खटाटोप नव्याने होतो. मागच्या पानावर काय काढलं होतं, हे मॉडेलला अजिबात ठाऊक नसतं. "सहा वर्षांची, गव्हाळ रंगाची, दोन वेण्यांची मुलगी" या वर्णनात लाखो मुली बसतात आणि मॉडेल दर वेळी त्यातली एक उचलतं. वर्णन लांबवून फारसं साधत नाही. शब्द वाचणारा भाग एका वेळी शब्दांचे साधारण ७५ तुकडेच घेतो, आणि नाकाचा शेंडा नेमका किती वर आहे हे शब्दांत सांगण्याची सोय कुठल्याच भाषेत नाही.

इथे बहुतेक जण 'सीड'कडे वळतात. सीड म्हणजे तो सुरुवातीचा गोंधळ ठरवणारा आकडा. आकडा तोच ठेवला तर मुलगीही तीच येईल, असं वाटतं. पण सीडमुळे फक्त सुरुवात सारखी होते. "अंगणात उभी" ऐवजी "झाडावर चढलेली" लिहिलं की साफसफाईची दिशाच बदलते आणि चेहरा त्याबरोबर वाहत जातो. सीडचा उपयोग तेच चित्र बारीक फरकाने पुन्हा काढायला होतो. वेगळ्या पानांसाठी त्याचा आधार धरू नये.

मग शब्दांऐवजी थेट फोटोच दाखवला तर? त्याची सोय आहे. २०२३ मध्ये टेन्सेंटच्या संशोधकांनी आणलेलं आयपी-अडॅप्टर हे त्यातलं एक साधन. ते फोटोचं सार काढून शब्दांच्या जोडीला ठेवतं. पण हे सार फार मोघम असतं. मूळ आवृत्तीत अख्खा फोटो शब्दांसारख्या अवघ्या चार तुकड्यांत बसवला जातो, सुधारित आवृत्तीत सोळा. त्यात "गोल चेहऱ्याची, वेण्या घातलेली, हसरी मुलगी" एवढं पोहोचतं. गालावरचा तीळ पोहोचत नाही. चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीचे आकडे वापरणारी साधनंही आहेत, पण त्या प्रणाली खऱ्या माणसांच्या फोटोंवर घडवलेल्या. त्यांचा जोर लावला की जलरंगातल्या धडावर फोटोतलं डोकं चिकटवल्यासारखं दिसतं, आणि जोर कमी केला की सई हरवते.

आपण इथे दोन वेगळी कामं एकदम उरकायला बघतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. फोटोतल्या मुलीसारखी चित्रातली मुलगी दिसणं हे एक काम. चित्रातली मुलगी सगळ्या पानांवर स्वतःसारखीच दिसणं हे दुसरं. प्रत्येक पानावर फोटो देऊन चित्र मागितलं, तर फोटोचं चित्रात भाषांतर वीस वेळा होतं आणि वीसही वेळा निराळं होतं. म्हणून फोटो फक्त पहिल्या कामाला वापरायचा. त्यावरून एक चित्रातली सई कायमची ठरवायची, आणि त्यानंतर प्रत्येक पान त्या चित्रातल्या सईवरूनच काढायचं. अॅनिमेशनवाले हे पूर्वीपासून करत आले आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक पात्राचा 'मॉडेल शीट' असतो: समोरून, बाजूने, पाठीमागून, हसताना, रडताना. शंभर चित्रकार त्या एका कागदाकडे बघून काम करतात.

सईचाही असा मॉडेल शीट, म्हणजे तक्ता, तयार करण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. निम्मा वेळ इथे गेला तरी तो वाया जात नाही.

सुरुवात फोटो निवडण्यापासून. लग्नातला नटवलेला फोटो नको, ब्यूटी फिल्टर तर नकोच. खिडकीजवळच्या मऊ उजेडातले, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून काढलेले पाच-सहा फोटो पुरतात. आपण मोठी माणसं उभ्यानेच फोटो काढतो, त्यामुळे मुलांचं डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. फोन फार जवळ धरला की नाक फुगतं. सेल्फी असेल तर आणखी एक घोळ होऊ शकतो: काही फोन समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा साठवतात. डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो, भांग बाजू बदलतो. सगळे फोटो शेजारी ठेवून तीळ एकाच गालावर आहे ना, हे आधीच बघून घ्यावं.

मग घरच्यांना विचारायचं, की सई गर्दीत लांबून कशावरून ओळखू येते? उत्तरात डोळे-नाक क्वचितच येतात. "कपाळावरची ती बट काही केल्या बसत नाही," "कान जरा बाहेर आहेत," "भुवया अगदी बाबासारख्या जाड" असं काहीतरी ऐकू येतं. चित्रात नेमकं हेच आणायचं. पहिल्या कच्च्या चित्रात नाक-डोळे फोटोबरहुकूम असूनही आई म्हणते, "नाक हुबेहूब आहे हो, पण ही आमची सई नाही वाटत." कपाळावर ती उभी बट काढली, भुवया थोड्या जाड केल्या, की तीच आई हसते. चित्रातलं साम्य हे असं असतं. चार खुणा निवडायच्या, त्या किंचित ठळक करायच्या आणि बाकीचा चेहरा साधा ठेवायचा. खुणा जितक्या कमी आणि ठळक, तितक्या त्या पानोपानी टिकवणं सोपं.

दुसरी ठरवायची गोष्ट म्हणजे प्रमाण. उंची 'किती डोकी' यात मोजतात. सहा वर्षांचं खरं मूल साडेपाच ते सहा डोकी उंच असतं, मोठं माणूस साधारण साडेसात. चित्रपुस्तकात डोकं मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणून आपली सई साडेतीन डोकी धरू. आधी म्हटलं ना, पाचव्या पानावर मुलगी दोन वर्षांनी मोठी होते? तिथे चेहरा बहुतेक ठीकच असतो. डोकं आणि अंगाचं प्रमाण साडेतीनवरून साडेचारवर गेलेलं असतं. पडद्यावर पट्टी धरून मोजलं की लगेच कळतं, आणि चेहऱ्याशी झटापट करण्यात संध्याकाळ जात नाही.

पडलेल्या दाताचा निर्णयही आत्ताच घ्यायचा. मॉडेलने पाहिलेल्या बहुतेक हसऱ्या चेहऱ्यांना पूर्ण दात असतात, त्यामुळे ते दर दोन पानांनी सईला दात बसवून देतं. एक तर दाताची फट ही ओळखीची खूण धरून प्रत्येक पानावर हाताने सांभाळायची, नाहीतर पुस्तकभर सईला ओठ मिटून हसवायचं. मी दुसरा मार्ग घेते. दात ही खूण मुलाला आज फार प्रिय असते, पण वीस पानांवर तिचा पाठलाग करण्याइतकी ती मोलाची नाही. एखाद्या जवळून दिसणाऱ्या पानावर फट दाखवली तरी मूल खूश होतं.

हे सगळं ठरलं की फोटो आणि वर्णन देऊन समोरची सई काढून घ्यायची. चाळीस चित्रांतलं एक निवडावं लागतं, आणि तेही क्रिटा किंवा फोटोशॉपमध्ये स्वतः दुरुस्त करावं लागतं: बट, तीळ, रिबिनी. या दुरुस्त चित्रावरून मग बाजूची सई, पाठमोरी सई, बसलेली, धावणारी, रडवेली. असं प्रत्येक चित्र तक्त्याशी ताडून आणि दुरुस्त करून पंधरा-वीस चित्रांचा संच तयार होतो. संचात एक जरी परकी मुलगी शिरली तरी पुढे ती दर चार-पाच पानांनी डोकं वर काढते.

आता हा संच मॉडेलला शिकवायचा. २०२२ मध्ये गूगल आणि बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ड्रीमबूथ नावाची पद्धत मांडली: एखाद्या वस्तूची किंवा व्यक्तीची तीन ते पाच चित्रं दाखवायची, तिला एक विचित्र नाव द्यायचं, आणि मॉडेलला ते नाव त्या चेहऱ्याशी बांधायला लावायचं. अख्खं मॉडेल नव्याने शिकवणं जड जातं, म्हणून आता त्याच्या जोडीला लोरा वापरतात. मूळ मॉडेल जसंच्या तसं राहतं आणि त्याला कुठे किती वळवायचं याची छोटी पुरवणी वेगळ्या फाइलमध्ये तयार होते. स्टेबल डिफ्यूजन एक्सएलची फाइल साडेसहा-सात जीबीची, तर लोराची दहा-वीस ते दोनेकशे एमबीची. बारा जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर हे घरच्या कॉम्प्युटरवर होतं.

नाव विचित्र का? नुसतं `sai` लिहिलं तर त्या शब्दाशी मॉडेलच्या मनात आधीच काही ना काही जोडलेलं असतं. म्हणून काहीच अर्थ नसलेलं `saiqz` घ्यायचं. प्रत्येक चित्रासोबत एक ओळीचा मजकूर लिहावा लागतो, आणि या ओळीत काय लिहायचं आणि काय गाळायचं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सईच्या समोर उभ्या असलेल्या चित्राची ओळ अशी:

```
saiqz girl, yellow frock, standing, front view, white background
```

फ्रॉक लिहिलाय, पार्श्वभूमी लिहिलीय. वेण्या, रिबिनी, तीळ, बट यांचा उल्लेख नाही. उलटं वाटतं ना? पण जे शब्दात लिहिलं, त्याचं श्रेय मॉडेल त्या शब्दाला देतं. पिवळा फ्रॉक शब्दात असल्यामुळे उद्या `blue raincoat` लिहून तो बदलता येतो. वेण्यांना शब्दच दिला नाही, म्हणून त्या कुठे जोडायच्या हे मॉडेलला `saiqz` मध्येच ठरवावं लागतं. थोडक्यात, जे बदलायचं ते लिहायचं आणि जे कायम ठेवायचं ते गाळायचं.

शिकवणीच्या सेटिंगमध्ये एक कळ हटकून तपासावी:

```
flip_aug = false
```

ही `true` असेल तर चित्रं कमी पडू नयेत म्हणून प्रोग्राम प्रत्येक चित्र उलटं करूनही शिकवतो. चेहरा दोन्हीकडून सारखा असता तर काही बिघडलं नसतं. सईचा तीळ डावीकडे आहे. उलटी चित्रं शिकवली की तीळ कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी दोन्हीकडे आणि कधी नाहीसाच.

किती शिकवायचं याचा ठरलेला आकडा नाही. मॉडेल चित्रं बघून स्वतःत एक छोटी दुरुस्ती करतं ते एक पाऊल; वीस चित्रांना हजार-दीड हजार पावलांच्या आसपास सुरुवात होते. दर काही पावलांनी फाइल साठवायची आणि प्रत्येक फाइलची परीक्षा घ्यायची. परीक्षेत तीन चित्रं मागावीत: पाठमोरी सई, रडणारी सई आणि निळ्या रेनकोटातली सई. कमी शिकलेली फाइल कुठलीतरी गोड मुलगी देते. जास्त शिकलेली फाइल रडायला सांगितलं तरी हसते, रेनकोटाखाली पिवळा फ्रॉक डोकावतो, आणि पाठमोरी सांगितलेली सई वळून आपल्याकडेच बघते. या दोहोंच्या मधली फाइल घ्यायची. चेहरा शंभर टक्के जुळणाऱ्या हट्टी फाइलीपेक्षा थोडा कमी जुळणारी पण ऐकणारी फाइल बरी, कारण चेहरा नंतर दुरुस्त करता येतो, आखडलेली सई करता येत नाही.

अलीकडे, विशेषतः २०२५ पासून, संदर्भचित्र देऊन सरळ भाषेत "हिला आता होडीत बसव" असं सांगता येईल अशी मॉडेल्स आली आहेत. फ्लक्स कॉन्टेक्स्ट किंवा गूगलचं जेमिनी त्यातली. लोराचा उपद्व्याप न करता त्यांच्याकडून बरंच काम होतं. त्यांच्याकडेही एकच सवय सांभाळायची: आधीचं पान देऊन पुढचं पान मागू नये. पहिल्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं करत गेलात तर कानगोष्टींच्या खेळासारखं होतं. प्रत्येक हातात थोडा बदल आणि शेवटी भलतंच काही. प्रत्येक पानाला मूळ तक्ताच द्यायचा, मग ते दुसरं पान असो की तिसावं.

आता गोष्टीत शिरू. तेराव्या पानावर सई लांब, बांधावर उभी आहे. आजूबाजूला भाताची खाचरं, वर ढग. सुंदर पान, आणि चेहऱ्याच्या जागी चिखल. याला सईचा दोष नाही, शिकवणीचाही नाही. चित्र १०२४ पिक्सेल रुंद-उंच आहे. सई पानाच्या पाव उंचीची, म्हणजे २५६ पिक्सेल. साडेतीन डोकी प्रमाण धरलं तर डोकं ७३ पिक्सेल. पण मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. ते चित्राला आठपट आक्रसून छोट्या चौकटींच्या जाळीवर काम करतं आणि शेवटी फुगवून देतं. त्या जाळीत सईचं अख्खं डोकं जेमतेम नऊ चौकटी रुंद, आणि एक डोळा म्हणजे एखादी चौकट. त्यात तीळ कुठे बसायचा?

उपाय असा: डोक्याभोवतीचा चौकोन कापून घ्यायचा, तो १०२४ पर्यंत मोठा करायचा, तेवढाच भाग सईच्या लोराने पुन्हा काढायचा, आणि लहान करून जागेवर बसवायचा. पुन्हा काढताना जुनं किती पुसायचं याचा आकडा ०.३५ ते ०.४५ च्या मध्ये ठेवावा. खाली गेलं तर चिखल तसाच राहतो, वर गेलं तर मान आणि डोकं वेगवेगळ्या दिशांना बघू लागतात. हे आपोआप करणारी साधनं आहेत. पण आपोआप बसवलेला चेहरा पाहिलात तर वेगळंच काहीतरी खटकतं: चेहऱ्याच्या रेषा बाकीच्या चित्रापेक्षा बारीक आणि नाजूक. मोठं काढून लहान केल्याचा तो परिणाम. हाताने काढणारा चित्रकार इतक्या लांबच्या मुलीला डोळ्यांच्या जागी दोन ठिपके देऊन मोकळा होतो. म्हणून तक्त्यातच एक 'लांबची सई' ठेवलेली बरी: ठिपक्याचे डोळे, बट, दोन वेण्या, लाल रिबिनी. मुलांना लांबून ओळखायला तेवढं भरपूर होतं.

रिबिनींवरून रेनकोटाचं आठवलं. टोपीचा रेनकोट घातला की बट आणि वेण्या दोन्ही गडप, म्हणजे निम्म्या खुणा गेल्या. तेव्हा पोशाख ठरवतानाच विचार करायचा: टोपीतून दोन्ही वेण्या पुढे आलेल्या, रिबिनी बाहेर. कपडे बदलणाऱ्या प्रत्येक पानावर निदान दोन खुणा दिसल्याच पाहिजेत, असा नियमच करून टाकावा.

रंगाचं दुखणं वेगळं आहे. चेहरा जुळलेला असतो, तरी अंगणातली सई गोरी, स्वयंपाकघरातली सावळी आणि रात्रीची जांभळट. मॉडेल उजेडाचा आणि कातडीचा रंग नीट वेगळा करत नाही, आणि त्याचा कल बहुतेक वेळा गोरेपणाकडे असतो. तो कल थोपवायला कुणी `indian girl` लिहितं, की लगेच कपाळावर टिकली, कानात झुमके आणि कधीकधी नथसुद्धा! शिकवलेली फाइल असताना तो शब्द लिहायचाच नाही, `saiqz girl` पुरतं. रंग डोळ्यांनी न ताडता ड्रॉपरने, म्हणजे चित्रातल्या एका जागेच्या रंगाचा आकडा सांगणाऱ्या साधनाने, ताडावा. तक्त्यातल्या सईचा गाल, उजेड आणि सावलीच्या मधल्या जागी, समजा `#C68E63` आहे. दिवसाच्या पानांवर गालाच्या त्याच जागी ड्रॉपर लावायचा आणि फार लांब गेला असेल तर तेवढा भाग निवडून जवळ आणायचा. रात्रीचं पान मॉडेलकडून रात्रीचं काढूनच घेऊ नये. ते साध्या, सपाट उजेडात काढावं आणि वर गडद निळा थर खालचे रंग गडद करणाऱ्या 'मल्टिप्लाय'वर ठेवावा, कंदिलाभोवती तो पुसून काढावा. असं केलं की सईचा गाल, पिवळा फ्रॉक आणि लाल रिबीन सगळे सारख्याच हिशोबाने गडद होतात आणि मुलगी तीच राहते.

धाकटा भाऊ चित्रात आला की नवा घोळ. दोघांना एका वाक्यात मागितलं की भावालाही सईची बट फुटते, क्वचित वेण्याही. शब्द आणि लोरा यांचा परिणाम अख्ख्या चित्रभर पसरतो, कोणत्या मुलाला लावायचा हे मॉडेलला नीट कळत नाही. सरळ मार्ग म्हणजे आधी दोन साध्या मुलांचं चित्र काढून घ्यायचं, मग फक्त मुलीचा भाग झाकून सईच्या फाइलीने पुन्हा काढायचा, आणि नंतर भावाचा भाग भावाच्या फाइलीने. दोघं एकमेकांना बिलगलेली असतील तर सीमेवर बोटं मिसळतात आणि ती हाताने सोडवावी लागतात. शक्य असेल तिथे मी गोष्टच अशी मांडते, की दोघांमध्ये वीतभर अंतर राहील. लेखकांना हे आवडत नाही, पण पुस्तक वेळेवर निघतं.

छपाईच्या आधी आणखी एक सापळा आहे. साडेआठ इंची चौकोनी पान, चारी बाजूंनी कापण्यासाठी अष्टमांश इंच जास्त, म्हणजे पावणेनऊ इंच. तीनशे डीपीआयने २६२५ पिक्सेल झाले. आपलं चित्र १०२४ चं, म्हणजे अडीचपट मोठं करायचं. मोठं करणारी काही साधनं तपशील 'सुधारतात', आणि त्या सुधारणेत सगळ्या पानांवर जुळवून आणलेल्या भुवया पुन्हा बदलतात. तेव्हा नवं काही न घालता नुसतं मोठं करणारा पर्याय निवडावा. जलरंगाच्या चित्राला थोडा मऊपणा शोभतो. मराठी मजकूर चित्रात मॉडेलकडून लिहून घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको. आजीच्या दुकानाच्या पाटीवरचा जोडाक्षरांचा चुराडा एकदा पाहिला की पुरे. पाट्यासुद्धा मांडणी करतानाच टाइप कराव्यात.

तपासणी पानं उलटत करू नये. पान उलटलं की आधीचा चेहरा आपण विसरतो आणि सगळं ठीक वाटतं. सगळ्या पानांवरची सईची डोकी कापून सारख्या आकारात एका पानावर ओळीने मांडावीत, पहिल्या जागी तक्त्यातली सई. परकी मुलगी त्या ओळीत लगेच उठून दिसते. मग तेच पान कृष्णधवल करायचं, म्हणजे रंग कुठे जास्त गोरा किंवा काळा झाला ते कळतं. मग सगळ्या सई डोक्यापासून पायापर्यंत, एकाच उंचीच्या करून मांडायच्या आणि डोकी मोजायची. ज्या पानावर शंका येईल त्याची तुलना तक्त्याशीच करायची, शेजारच्या पानाशी नाही. शेवटी गोष्ट न सांगता चित्रं एखाद्या चार वर्षांच्या मुलाला दाखवावीत. ज्या पानावर त्याचं बोट सईवर जायला वेळ लागतो, ते पान परत काढायचं.

पुस्तक छापून झालं तरी कॉम्प्युटरवर काही उरतं: मुलीचे मूळ फोटो, तक्ता आणि ती लोरा फाइल. फोटो पुसले तरी लोरा फाइलमध्ये मुलीचा चेहरा शिल्लक आहे. ज्याच्या हाती ती फाइल आणि ते विचित्र नाव लागेल, त्याला सईची हवी तशी चित्रं काढता येतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. दुसऱ्याच्या मुलाचं पुस्तक करताना ती लेखी घ्यावी, आणि लोरा फाइल कुणाकडे राहणार, किती दिवस, हे त्याच कागदावर लिहावं. पुढच्या वर्षी दुसरं पुस्तक करायचं असेल तर पालकांना ती फाइल ठेवायला सांगावी आणि आपल्याकडची पुसून टाकावी. तोवर सईचा दात आलेला असेल, ती चार डोकी उंच झालेली असेल आणि तक्त्यातली चार-पाच चित्रं नव्याने काढावी लागतील. बट मात्र बहुधा तशीच असेल.